हातात किती उरणार, तिथून हप्ता मोजा

वाचकाचं पत्र

चाकणजवळच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये काम करतो. दीड वर्षापूर्वी रात्रपाळीतून जनरल शिफ्टला आलो, पण रात्रपाळी भत्त्याचे महिना २,६०० रुपये पगारात येतच राहिले. खरं सांगायचं तर पगाराची स्लिप मी कधी उघडून बघत नाही. आता ऑडिटमध्ये ते निघालं. १८ महिन्यांचे ४६,८०० रुपये पुढच्या पगारातून कापणार, कमी पडले तर त्यापुढच्या पगारातून, असा एचआरचा मेल आलाय. मधे दिवाळीच्या आणि मार्चच्या स्टॉकमोजणीला मिळून दोन महिने रात्रपाळी केली होती, पण ते किरकोळ. भत्ता सोडून पगार ३६,०००. त्यातून पीएफ २,४००, व्यवसाय कर २००, कामगार पतपेढीचा हप्ता ६,००० आणि कँटीनचे ७०० जाऊन हातात २६,७०० राहतात. त्यातले ११,००० घराच्या कर्जाला जातात. एचआरचे साहेब म्हणाले, "फार तर महिन्याला अर्धा पगार कापू, कायद्याने तेवढा कापता येतोच." मित्र म्हणतात, एक पैसा देऊ नकोस, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. तो व्हॉट्सॲपवर आलाही आहे. बायकोला अजून बोललो नाही. काय करू?

उत्तर

आधी तो व्हॉट्सॲपवरचा निकाल बाजूला ठेवू, कारण त्याच्या भरवशावर तुम्ही उद्या एचआरच्या केबिनमध्ये जाल आणि तिथे तो दोन मिनिटंही टिकणार नाही. निकाल खोटा नाही. १८ डिसेंबर २०१४ चा, पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या नावाचा तो निकाल आहे. वर्ग तीन आणि वर्ग चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ चाललेलं जादा प्रदान, अशा काही परिस्थितींत वसुली करू नये, असं त्यात म्हटलंय. पण तो विषय सरकार आणि सरकारी नोकर यांच्यातला आहे. खासगी कारखान्याच्या एचआरला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय तुमची बाब दीड वर्षाची आणि तुम्ही चाळिशीच्या आतबाहेरचे असाल असं पत्रावरून वाटतं. त्या यादीतलं फारसं काही तुमच्याशी जुळतही नाही.

(जिल्हा परिषदेच्या शाळांतले आणि सरकारी कचेऱ्यांतले बरेच जण हे सदर वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी इथेच सांगते. वेतननिश्चिती चुकली, पडताळणीत अतिप्रदान निघालं, की हा निकाल तुमच्या कामाचा आहे. पण सुधारित वेतनश्रेणी घेताना 'जादा रक्कम निघाल्यास परत करीन' असं वचनपत्र तुम्ही सही करून दिलं होतं का, हे आधी सेवापुस्तकात बघा. २०१६ मध्ये जगदेव सिंग यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने असं वचनपत्र देणाऱ्याला त्याला बांधील धरलं. तेही वसुली सोसवेल अशा हप्त्यांत करा, असं सांगून.)

आता तुमच्याकडे. 'चूक त्यांची, मग मी का भरू?' हे तुम्ही स्पष्ट लिहिलेलं नाही, पण मित्रांचं बोलणं तुम्हाला गोड लागलंय. चूक त्यांचीच आहे. तरी चुकून आलेले पैसे परत करायचे असतात, हे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७२ मध्ये सरळ लिहिलेलं आहे, आणि वेतनाच्या कायद्यातही जादा दिलेल्या वेतनाचं समायोजन ही कापून घेता येणारी बाब आहे. तेव्हा पैसे द्यायचे की नाही यावर भांडू नका. ते हरायचं भांडण आहे. किती द्यायचे आणि कोणत्या गतीने, हे भांडण जिंकण्यासारखं आहे, आणि त्यातला पहिला मुद्दा तुम्ही 'किरकोळ' म्हणून सोडून दिलाय.

त्या दोन महिन्यांत तुम्ही रात्रपाळी खरंच केली. त्या महिन्यांचा भत्ता तुमच्या हक्काचा होता. तो चुकून आलेला नाही. दोन महिन्यांचे ५,२०० रुपये वजा केले की आकडा ४६,८०० वरून ४१,६०० वर येतो. ऑडिटवाले सरसकट महिने मोजतात, हजेरीपट उघडत नाहीत. तुम्ही उघडायला लावा. पंचिंगची नोंद किंवा शिफ्टचा तक्ता मागा. कंपनीचा नियम दिवसावारी भत्त्याचा असेल, तर ज्या ज्या रात्री काम केलं त्या सगळ्या मोजा, आणि मग आकडा वर-खाली होईल तो मान्य करा. मी स्वतः बावीस वर्षं पगारपत्रकं केली आहेत. जादा प्रदानाचा पहिला आकडा बरोबर निघालेला मला फार कमी वेळा आठवतो. एकदा तर मीच काढलेला आकडा कर्मचाऱ्याने हजेरीची वही आणून निम्म्यावर आणला होता, आणि त्या दिवशी मी त्याला चहा पाजला.

पुढच्या हिशोबासाठी ४१,६०० धरू.

साहेबांचं वाक्य, 'कायद्याने अर्धा पगार कापता येतोच', हे अर्धं खरं आहे, आणि त्यातला खोटा अर्धा भाग तुमच्या खिशाला भारी पडणारा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्या कलम १८ मध्ये मर्यादा आहे की एका पगारी महिन्यात पगारातून होणाऱ्या सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. 'सगळ्या मिळून' हे शब्द अधोरेखित करा. वसुलीसाठी वेगळा अर्धा पगार राखून ठेवलेला नाही. पीएफ त्यातच, व्यवसाय कर त्यातच, पतपेढीचा हप्ता त्यातच, कँटीन त्यातच, आणि यांतून जी जागा उरेल तेवढ्यातच वसुली बसवायची. जुन्या १९३६ च्या कायद्यात सहकारी संस्थेची कपात असेल तर ही मर्यादा ७५ टक्क्यांपर्यंत जायची. बऱ्याच जुन्या पगार लिपिकांच्या डोक्यात अजून तेच बसलेलं आहे. आणि त्या कायद्याला महिना २४,००० रुपयांची वेतनमर्यादा होती, त्यामुळे तुमच्यासारखे ३६,००० वाले त्याच्या बाहेरच पडायचे. संहितेत ती मर्यादा राहिलेली नाही. हे तुमच्या बाजूचं आहे, ते साहेबांना नम्रपणे सांगा. (सरकारी आस्थापनांना मात्र संहितेतलं हे प्रकरण आपोआप लागू होत नाही.)

आता तुमचे आकडे घालून बघा. ३६,००० चा अर्धा १८,०००. तुमच्या आजच्या कपाती ९,३००. म्हणजे वसुलीला जागा उरते ८,७०० रुपयांची. ४१,६०० ला ८,७०० ने भागलं तर पावणेपाचच्या वर येतं, म्हणजे पाच हप्ते. पाच समान हप्ते केले तर प्रत्येक ८,३२० रुपयांचा. कंपनीला कायद्यात राहून जास्तीत जास्त घाई करायची असेल तर ती एवढीच करता येते. मेलमध्ये लिहिल्याप्रमाणे पहिल्याच महिन्यात सगळं कापलं असतं, तर तुमचा त्या महिन्याचा पगार शून्य झाला असता आणि तरी बाकी उरली असती. ते कायद्यात बसत नाही.

एक सावधगिरी. टक्का कशाचा, यावरून कधीकधी गल्लत होते. सीटीसीच्या आकड्याचा अर्धा काढू नका आणि कुणाला काढू देऊ नका. त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद असलं बरंच काही असतं, जे महिन्याच्या वेतनात येत नाही. वेतन देण्याच्या हिशोबासाठी घरभाडे भत्ता आणि प्रवास भत्ता मात्र धरतात. तुमचे ३६,००० हे स्लिपवरचे कमाईच्या रकान्यातले असतील तर वरचं गणित बरोबर आहे.

पण आता खरा प्रश्न. पाच हप्ते कायद्यात बसले म्हणून तुमच्या घरात बसतात का? ८,३२० कापल्यावर हातात येतील १८,३८०. त्यातून घराचा हप्ता ११,००० गेला की उरले ७,३८०. कायद्याने राखून ठेवलेला अर्धा पगार तुम्हाला मिळाला, आणि तरी किराणा, मुलांची फी, वीजबिल यांना सात हजार. कारण ही मर्यादा पगारपत्रकाच्या आत काम करते. बँक तुमच्या खात्यातून जे ओढून घेते ते पगारपत्रकाला दिसत नाही. पतपेढीचा हप्ता स्लिपवर आहे म्हणून मोजला गेला, घराचा हप्ता स्लिपवर नाही म्हणून सुटला. तेवढाच पैसा, तेवढंच कर्ज, पण एक संरक्षणात धरलं जातं आणि दुसरं नाही. खात्यात पैसे कमी पडून तो हप्ता परत गेला की बँक वेगळा दंड लावते आणि पत बिघडते ती निराळीच.

आणखी एक गोष्ट तुमच्या हिशोबातून निसटली आहे. तुम्हाला सवय २६,७०० ची नाही, २९,३०० ची आहे. वसुली सुरू व्हायच्या आधीच भत्ता बंद झाल्याने २,६०० ची घट होणार आहे, आणि तिच्यावर हप्त्याची घट. दोन्ही एकाच महिन्यात येतात. माणसं हप्ता तेवढा मोजतात आणि मग 'ठरलं होतं त्यापेक्षा जास्त कापलं' म्हणून एचआरकडे येतात. असे किती तरी जण मी समोर बसवून दोन स्लिपा शेजारी ठेवून समजावले आहेत.

म्हणून मी हप्ता उलट्या बाजूने काढायला सांगते. 'किती महिने?' असं विचारू नका. 'हातात किमान किती राहिलेच पाहिजेत?' इथून सुरुवात करा. घराचा हप्ता ११,०००, आणि घरखर्चाला अगदी ओढूनताणून किती लागतात ते बायकोसोबत बसून काढा. हे तिला न सांगता तुम्हाला काढताच येणार नाही, म्हणून आजच बोला. समजा साडेदहा हजार निघाले. म्हणजे साधारण साडेएकवीस हजार हातात हवेत, आणि ते ३६,००० च्या जवळपास ६० टक्के होतात. तर तुमची मागणी अशी की 'निव्वळ पगार एकूण वेतनाच्या ६० टक्क्यांखाली, म्हणजे २१,६०० खाली, जाऊ नये'. आज हातात २६,७०० आहेत, तेव्हा वसुलीला जागा ५,१०० ची. ४१,६०० भागिले ५,१०० म्हणजे आठाच्या थोडं वर. नऊ हप्ते चालतील. नऊने भागलं तर ४,६२२ रुपये आणि शेवटच्या हप्त्यात दोन रुपये जास्त. दहा केले तर बरोबर ४,१६० रुपये, काही उरत नाही, आणि हातात २२,५४० येतात. घराचा हप्ता जाऊन ११,५४०. मी दहा सुचवेन. समान हप्त्यांत थोडी जागा मोकळी असली की एखाद्या महिन्याला कँटीनचं बिल वाढलं किंवा फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० आला तरी सगळं कोसळत नाही.

तुम्ही १८ हप्तेही मागू शकता, 'जसे आले तसे जाऊ देत' म्हणून. २,६०० ने भागलं तर सोळाच होतात. मागायला हरकत नाही, पण कंपनी सहसा एवढं लांबवत नाही, आणि त्यांची भीती समजून घ्या. त्यांना वाटतं, माणूस मधेच नोकरी सोडून जाईल. दहा महिने ही दोघांच्या मधली जागा आहे. पतपेढीचा हप्ता काही महिने थांबवून घेता येईल का, असंही तुमच्या मनात येईल. पण तो पतपेढीशी तुमचा झालेला करार आहे आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ खाली मालकाला तो कापून द्यावा लागतो. एचआर तो आपल्या मर्जीने थांबवू शकत नाही. थांबवायचाच असेल तर तुम्हीच पतपेढीत अर्ज करा, आणि तिथे व्याज वाढतं हे लक्षात ठेवा. इथे या वसुलीवर मात्र व्याज नाही. हे कर्ज नव्हतं. कायद्यात व्याज आहे ते आगाऊ उचललेल्या रकमेला, जादा दिलेल्या वेतनाच्या समायोजनाला नाही. कुणी 'प्रशासकीय शुल्क' वगैरे घातलं असेल तर कागदावरून काढायला लावा.

आता ज्या ठिकाणी सगळे करार मोडतात त्याबद्दल सविस्तर सांगते. नेहमीच्या महिन्याचं गणित कुणालाही जमतं. मोडतं ते वाईट महिन्यात. समजा जूनमध्ये आईच्या आजारपणासाठी तुम्ही सहा दिवस बिनपगारी रजा घेतली. ३० दिवसांतले २४ दिवस भरले, वेतन झालं २८,८००. पीएफ तेवढ्या प्रमाणात कमी होऊन १,९२० झाला, व्यवसाय कर २००, पण पतपेढीचे ६,००० तेवढेच आणि कँटीनचे ७०० तेवढेच. कपाती ८,८२०, आणि वसुलीच्या आधीच हातात १९,९८०. पगार पाचव्या हिश्शाने कमी झाला, कपाती जवळजवळ तशाच राहिल्या.

या महिन्यात पाच हप्त्यांवाला ८,३२० चा हप्ता कापला असता, तर एकूण कपात १७,१४० झाली असती आणि त्या महिन्याची कायदेशीर मर्यादा १४,४००. म्हणजे २,७४० रुपयांनी कायदा मोडला. आणि पगाराचं सॉफ्टवेअर हे स्वतःहून थांबवेलच असं नाही. हप्त्याचा आकडा एकदा भरला की ते दर महिन्याला तो कापत राहतं, जोवर कुणी त्यात मर्यादेची अट घालत नाही. तुमच्या ४,१६० च्या हप्त्याने कपात १२,९८० होते, कायद्यात बसते. पण हातात राहतात १५,८२०, म्हणजे त्या महिन्याच्या वेतनाच्या ६० टक्क्यांखाली, आणि घराचा हप्ता गेला की पाच हजारांच्या खाली.

म्हणून हातात राहिलाच पाहिजे तो 'राखीव हिस्सा' टक्क्यांत लिहायचा की रुपयांत, हा शब्दांचा खेळ नाही. टक्क्यांत लिहिला, तर २८,८०० चे ६० टक्के १७,२८०. १९,९८० मधून २,७०० कापता येतात. पगार घसरला की तुमचं संरक्षणही त्याच्याबरोबर खाली घसरतं, नेमकं नको तेव्हा. रुपयांत लिहिला, तर २१,६०० ही रेघ जागची हलत नाही, आणि १९,९८० तिच्या आधीच खाली असल्याने त्या महिन्यात हप्ता शून्य. तुमच्यासाठी रुपयांतला बरा. पण वर्षभराने पगार वाढला, तर टक्क्यांतला बरा. तेव्हा लिहून घ्या, 'वेतनाच्या ६० टक्के किंवा २१,६०० रुपये, यांपैकी जास्त असेल ते'.

याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे, राहिलेली रक्कम कुठे जाते. तुम्ही काहीच लिहून घेतलं नाही, तर जूनचे ४,१६० जुलैच्या ४,१६० वर चढतात आणि जुलैमध्ये ८,३२० कापले जातात. रजेनंतरचा महिना आधीच ओढाताणीचा असतो. राहिलेला हप्ता पुढच्या महिन्यावर न चढवता शेवटी जोडायचा, दहाऐवजी अकरा महिने होऊ द्यायचे. एक महिना वाढल्याने कंपनीचं काही बिघडत नाही, पण हे आधी न लिहिल्याने दोन्ही बाजूंनी वाद झालेले मी पाहिलेत.

एचआरला द्यायचं पत्र छोटं ठेवा. तक्रारीचा सूर नको, कुणाची चूक यावर एक ओळही नको. असं काहीतरी:

"रात्रपाळी भत्त्याच्या जादा प्रदानाबाबत आपला मेल मिळाला. सोबत जोडलेल्या शिफ्टच्या तक्त्याप्रमाणे दोन महिने मी प्रत्यक्ष रात्रपाळी केली आहे. ते वगळून वसुलीची रक्कम ४१,६०० रुपये होते. कृपया महिनावार तक्ता द्यावा. ही रक्कम १० समान मासिक हप्त्यांत, प्रत्येकी ४,१६० रुपये, बिनव्याजी कापावी. कोणत्याही महिन्यात सर्व कपातींनंतर निव्वळ वेतन हे त्या महिन्याच्या वेतनाच्या ६० टक्के किंवा २१,६०० रुपये, यांपैकी जास्त असलेल्या रकमेच्या खाली जाऊ नये. तसे होत असल्यास हप्ता तेवढा कमी करावा आणि राहिलेली रक्कम शेवटी जोडावी. वसुली पगाराच्या स्लिपवर वेगळ्या नावाने व उरलेल्या बाकीसह दाखवावी."

स्लिपवर वेगळ्या नावाने, हे मुद्दाम घातलंय. 'इतर कपात' या नावाखाली ४,१६० गेले की सहा महिन्यांनी किती फिटले हे कुणालाच सांगता येत नाही. त्यांचं उत्तर आलं की मगच सही करा, आणि सही त्या तक्त्यावर करा, 'मला मान्य आहे' अशा मोकळ्या कागदावर नको. नोकरी सोडलीत तर बाकी काय करायची, हेही त्यातच ठरवा. शेवटच्या पगारातून किती आणि उरलेली किती दिवसांत तुम्ही स्वतः भरणार, एवढं पुरे. ग्रॅच्युइटीतून परस्पर वळती करायला संमती मागितली तर देऊ नका. तुम्ही स्वतःहून हे कलम सुचवलंत तर दहा हप्ते मिळण्याची शक्यता वाढते, कारण त्यांची खरी भीती तीच आहे.

समजा ऐकलंच नाही आणि पुढच्या महिन्याचा पगार पूर्ण कापला. तर मेल, स्लिप आणि तुमचं पत्र घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. मुद्दा एकच मांडा, की एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त झाली. वसुली चुकीची आहे असं म्हणू नका. मर्यादेपेक्षा जास्तीचं परत मिळवणं सोपं असतं, आणि संहितेखाली दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा घाबरून त्याच दिवशी भांडण काढायची गरज नाही.

तुमच्यासारख्याच स्थितीतल्या, पण जरा जास्त पगाराच्या वाचकांना एक जोड द्यायला हवी. ज्यांच्या पगारातून आयकर कापला जातो, त्यांनी वसुली सुरू व्हायच्या आधी विचारावं की जादा प्रदान चालू आर्थिक वर्षातलं आहे की मागच्या. चालू वर्षातलं असेल तर कंपनी या वर्षाच्या पगारातून ते वजा करून कर पुन्हा मोजू शकते. मागच्या वर्षातलं असेल, तर फॉर्म सोळा त्या रकमेसकट निघून गेलेला असतो आणि तिच्यावरचा कर भरला गेलेला असतो. तुम्ही परत द्याल पूर्ण रक्कम, हातात आली होती कर जाऊन. हे पहिल्या हप्त्याच्या आधी आपल्या सीएला दाखवा. तसंच चूक मूळ वेतनातच झाली असेल, तर जादा रकमेच्या १२ टक्के तुमच्या पीएफ खात्यात गेलेले आहेत. ते तिथे आहेत, पण हातात नाहीत, आणि हप्ता मात्र हातातल्या पैशातून जाणार. तेवढा अंदाज धरून हप्त्यांची संख्या मागा.

तुमच्या पगारावर सध्या आयकर लागत नाही, भत्त्यावर पीएफही कापलेला दिसत नाही, त्यामुळे तुमचं काम त्या मानाने सरळ आहे. पुढची स्लिप आली की मात्र उघडा. आधी बघा की रात्रपाळी भत्ता खरंच बंद झालाय. वसुली सुरू आणि भत्ताही सुरू, असं मी एका कारखान्यात चार महिने चाललेलं पाहिलंय, आणि मग पाचव्या महिन्यात नवं जादा प्रदान निघालं. आणि दहा (किंवा अकरा) हप्ते झाले की त्यापुढच्या महिन्याची स्लिप पण बघा. ज्या सॉफ्टवेअरला भत्ता थांबवायला दीड वर्ष सुचलं नाही, त्याला वसुली थांबवायचं सुचेलच याची खात्री मी देणार नाही.